अपघाताच्या जागी ‘चूक झाली’ म्हणावं का?

प्रश्न: मागच्या आठवड्यात माझ्या गाडीची एका स्कूटीला धडक बसली. बाईंच्या हाताला फ्रॅक्चर आहे. मी घाबरून उतरलो आणि दहा वेळा ‘सॉरी, माझी चूक झाली, खर्च मी देतो’ म्हणालो. आजूबाजूच्यांनी मोबाइलवर शूटिंगही केलं. माझा मेहुणा टोरांटोला असतो, तो म्हणतो, ‘सॉरी म्हणून तू स्वतःच फास लावून घेतलास, आता केस हरलास.’ खरंच असं असतं का? आणि आता पोलिसांत, विम्यात काय सांगू?

उत्तर:

नाही, केस हरलेला नाहीत. पण तुमच्या त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कायदा त्या तिन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो, म्हणून आधी त्या सुट्या करू.

‘सॉरी’ हा पहिला भाग. रस्त्यावर माणूस विव्हळत पडलेला असताना तोंडून ‘अरे देवा, माफ करा हो, फार लागलं का?’ निघणं ही कबुली नव्हे. १९३९ साली पाकला नारायण स्वामी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या आपल्या शेवटच्या अपिली कोर्टाने, सांगून ठेवलंय की कबुलीजबाब म्हणायचा तर माणसाने गुन्हा तरी मान्य केलेला हवा, नाहीतर गुन्हा ज्यांतून बनतो ती जवळपास सगळी तथ्यं तरी. तो निकष आजही वापरतात. ‘सॉरी’ या शब्दात वेग नाही, सिग्नल नाही, कोण कुठून आलं हे नाही. फक्त हळहळ आहे. हळहळीवर कुणाला शिक्षा झालेली मी वीस-बावीस वर्षांच्या वकिलीत पाहिली नाही.

दुसरा भाग ‘माझी चूक झाली’. हा निष्कर्ष आहे, आणि अडचण इथे आहे. पुराव्याच्या कायद्याच्या भाषेत ही ‘कबुली’ ठरू शकते, म्हणजे तुमच्याविरुद्ध जाणारं तुमचंच विधान. ते ऐकणारा साक्षीदार कोर्टात येऊन सांगू शकतो. पण त्याच कायद्यात, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २५ मध्ये, असंही आहे की कबुली हा निर्णायक पुरावा नाही. म्हणजे ‘मी तसं म्हणालो, पण का म्हणालो ते ऐका’ असं सांगायची वाट तुम्हाला उघडी राहते. धक्क्यात, जमावाच्या भीतीने, काय घडलं हे पुरतं कळायच्या आत बोललेल्या शब्दांना न्यायाधीश किती वजन देतात हे त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतं. आपल्याकडे ‘चूक झाली’ हे कुणाचा नुसता धक्का लागला तरी म्हणतात, हे कोर्टातल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा भाग ‘खर्च मी देतो’. हे आश्वासन आहे आणि त्याचा संबंध फौजदारीपेक्षा तुमच्या विमा पॉलिसीशी जास्त आहे. त्यावर पुढे येते.

मेहुण्याचं म्हणाल तर गंमत अशी की ते राहतात त्या ऑन्टॅरिओ प्रांतातच २००९ पासून माफीचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार दिवाणी दाव्यात ‘सॉरी’ला दोषाची कबुली मानता येत नाही, अगदी त्या शब्दांतून चूक मान्य होत असली तरी. इंग्लंडमध्येही २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यात माफी म्हणजे आपोआप हलगर्जीपणाची कबुली नव्हे असं कलम आहे. आपल्याकडे असा खास कायदा नाही. आपल्याला पुराव्याच्या सर्वसाधारण नियमांवरच भागवावं लागतं. म्हणून इथे शब्द जरा जपून वापरायचे, पण माणसाची विचारपूसच करायची नाही असं टोक गाठायचं कारण नाही. उलट मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून चालकाने शक्य ते सगळं करायचं. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघायची मुभा त्याच कलमात आहे, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, माहिती द्यायची. माफी मागून थांबणारा चालक आणि गप्प राहून पळणारा चालक यांत कोर्टाला कोण जास्त खटकतो हे सांगायला नको.

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं उलगडतं ते एका जुन्या प्रकरणावरून सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतपत बदलले आहेत.

सिन्नरच्या अलीकडे, संध्याकाळी सव्वासातची वेळ. माझे अशील एकटे गाडीत, नाशिकहून घराकडे निघालेले. रस्ता दुपदरी, मधे दुभाजक. ढाब्यावर जायला सोयीचं म्हणून लोकांनी एका ठिकाणी दुभाजक फोडून फट केलेली. त्या फटीतून एक मोटरसायकल उजवीकडून आडवी आली, यांनी ब्रेक दाबला आणि गाडीचा उजवा कोपरा तिच्यावर आदळला. मोटरसायकलवाल्या तरुणाचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. अशील उतरले आणि अगदी तुमच्यासारखंच बोलले: माफ करा, माझी चूक झाली, सगळा खर्च करतो. एकाने शूटिंग केलं. दवाखान्यात यांनी तरुणाच्या भावाला फोनवरून पाच हजार रुपये पाठवले. गुन्हा नोंदवला गेला, तेव्हा भारतीय दंड संहिता होती म्हणून २७९ आणि ३३८. आज तसाच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ आणि १२५ खाली लागतो. काही महिन्यांनी नुकसानभरपाईचा दावा आला आणि त्यात लिहिलं होतं की मोटरसायकल सरळ पुढे चालली होती, यांच्या गाडीने मागून भरधाव येऊन ठोकलं.

दाव्याच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘अपघातानंतर तुम्हीच म्हणालात ना, चूक माझी?’ अशिलांना मी आधी सांगून ठेवलं होतं की नाकारू नका. व्हिडिओ आहे, आणि नसता तरी खोटं बोलायचं नाही. ते म्हणाले, ‘हो, म्हणालो. त्याचा पाय बघून म्हणालो. तो कुठून आला हे तोवर मला नीटसं कळलंही नव्हतं.’ विषय तिथे जवळजवळ संपला, कारण बाकीचा पुरावा बोलका होता. पंचनाम्यात ब्रेकची खूण साधारण अकरा मीटरची आणि धडकेची जागा दुभाजकाच्या फटीसमोरच. आरटीओच्या तपासणी अहवालात मोटरसायकलचं डाव्या बाजूचं नुकसान, फूटरेस्ट वाकलेला, मागचं मडगार्ड आणि टेललाइट मात्र शाबूत. मागून ठोकलेल्या गाडीचं मागचं मडगार्ड शाबूत राहत नाही. ‘चूक झाली’ हे दोन शब्द त्या न वाकलेल्या पत्र्यापुढे टिकले नाहीत.

टिकली ती दुसरीच एक ओळ. अपघातानंतर चौथ्या दिवशी अशिलांनी गाडी गॅरेजला दिली. तिथल्या माणसाने अशिलांच्या गाडीच्या क्लेमचा फॉर्म भरला आणि ‘अपघात कसा झाला’ या रकान्यात लिहिलं: पुढे चाललेल्या दुचाकीला मागून धडक बसली. का? तर ‘असंच लिहितात साहेब, क्लेम लवकर पास होतो.’ अशिलांनी न वाचता सही केली. हा कागद दाव्यात आला तेव्हा मात्र मला घाम फुटला. हे धक्क्यातलं बोलणं नव्हतं. चार दिवस विचार करायला मिळालेल्या माणसाचं सहीनिशी विधान होतं आणि ते नेमकं समोरच्याच्या कथेला धरून होतं. निकालात दुचाकीस्वाराचा दोष ६० टक्के आणि आमचा ४० टक्के धरला. भरपाई सहा लाखांवर मोजली गेली आणि त्याच्या ४० टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार व व्याज विमा कंपनीने भरलं. फटीजवळ वेग कमी करायला हवा होता हे खरंच, त्यामुळे काही टक्के आमच्याकडे येणारच होते. पण फॉर्मवरची ती ओळ नसती तर चाळीस आले नसते असं मला आजही वाटतं.

तेव्हा तुम्ही रस्त्यावर काय बोललात याची काळजी सोडा. यापुढे कशावर सही करता ती काळजी करा. पहिली सही बहुधा पोलीस ठाण्यात मागतील, म्हणून तिथून सुरू करते.

पोलिसांना माहिती देणं तुमचं कर्तव्य आहे: नाव, लायसन्स, गाडीची कागदपत्रं, अपघाताची वेळ, जागा. काय घडलं तेही सांगा, पण जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. ‘मी डाव्या लेनमध्ये होतो, वेग साधारण अमुक होता, स्कूटी डावीकडच्या गल्लीतून आली, मी ब्रेक दाबला.’ इथे थांबायचं. ‘माझा हलगर्जीपणा झाला’ हा निष्कर्ष काढायचं काम कोर्टाचं आहे, तुमचं नाही आणि हवालदारांचंही नाही. तुम्ही पोलिसांसमोर गुन्हा कबूल केला तरी ती कबुली फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. चालकाने स्वतः ठाण्यात जाऊन फिर्याद दिली आणि तीत कबुली दिली, तरी तो कबुलीचा भाग बाहेर राहतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या अघनू नगेसिया निकालातच ठरवलंय. तपासातल्या जबाबावर सही घेता येत नाही, हाही नियम आहे. कुणी घ्यायला लागलं तर शांतपणे सांगा, ‘वकिलांना विचारून करतो.’

पण या संरक्षणाची हद्द लक्षात ठेवा. ते पोलिसांपुढच्या कबुलीला आणि फौजदारी खटल्यात आहे. चहाच्या टपरीवाल्याजवळ, जखमी बाईंच्या नवऱ्याजवळ किंवा व्हॉट्सॲपवर दिलेल्या कबुलीला ते लागू नाही. अपघातानंतरच्या आठवड्यात चालक जखमीच्या घरी लांबलचक मेसेज पाठवतात, ‘दादा, त्या दिवशी मी फोनवर बोलत होतो, लक्ष नव्हतं.’ रस्त्यावरच्या ‘सॉरी’पेक्षा हे शंभर पट जड. यात तथ्य आहे, तारीख आहे, तुमचा नंबर आहे. बाईंची चौकशी जरूर करा, भेटायला जा, पण अपघात कसा झाला यावर लेखी चर्चा नको.

दुसरी सही विम्याच्या कागदावर. तुमच्या पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या अटी काढा. खासगी गाडीच्या आपल्याकडच्या प्रमाणित पॉलिसीत पहिलीच अट अपघाताची लेखी खबर ताबडतोब द्यायची आणि दुसरी अट अशी की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने कोणतीही कबुली, देकार, वचन किंवा रक्कम द्यायची नाही. ‘खर्च मी देतो’ हे वाक्य या दुसऱ्या अटीवर जाऊन आदळतं.

याने घाबरून जाऊ नका. बाईंनी भरपाईचा दावा केला तर कंपनीला त्यांच्यापासून अंग काढून घ्यायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजकीच कारणं दिली आहेत: लायसन्स नसणं, दारू पिऊन गाडी चालवणं, खासगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणं अशी. ‘आमचा माणूस सॉरी म्हणाला’ हे त्यांत नाही. आणि तुमची कबुली कंपनीला बांधूनही ठेवत नाही. चालक-मालकाची दावेदाराशी मिलीभगत आहे किंवा ते दावा लढतच नाहीत असं दिसलं, तर कलम १७० खाली कंपनी परवानगी घेऊन सगळे मुद्दे स्वतः मांडू शकते. भीती आहे ती वेगळी. तुम्ही कंपनीला न विचारता तडजोड करून पन्नास हजार दिले, तर ते कंपनीकडून परत मिळतील हे विसरा, आणि स्वतःच्या गाडीच्या क्लेमवरही ते शंका काढतील. म्हणून आजच कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, जागा, जखमीचं नाव, तुमच्या लायसन्सचा तपशील, बस्स. ही माहिती देणं कलम १३४ नेही सांगितलेलं आहेच. फॉर्म स्वतःच्या अक्षरात भरा आणि पोलिसांना जे सांगितलं तेच शब्द तिथे येऊ द्या. सहीआधी गॅरेजवाल्याने काही ‘दुरुस्त’ केलंय का बघा.

माणुसकी म्हणून औषधाला पैसे द्यायचे असतील तर द्या, मी कुणाला अडवत नाही. बँकेतून द्या आणि शेऱ्यात ‘औषधोपचारासाठी मदत’ लिहा, ‘भरपाई’ नको. आमच्या सिन्नरच्या प्रकरणात ते पाच हजार निघालेच होते, पण त्यांना शेरा नसल्यामुळे त्यांवर अर्धा तास उलटतपासणी झाली. मे २०२५ पासून केंद्र सरकारची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजनाही आहे, नोंदलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत. बाई अजून त्या मुदतीत असतील तर रुग्णालयात लगेच विचारायला सांगा.

‘आपसात मिटवून टाका’ म्हणणारे भेटतील. नुसता बंपर घासला असेल आणि कुणाला खरचटलंही नसेल तर खरंच मिटवा, दोन ओळींचा कागद करून सह्या घ्या. पण हाड मोडलं असेल तिथे फक्त स्टॅम्प पेपरवर मिटत नाही. दुखापतीचा गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतो, २८१ चा भरधाव गाडी चालवण्याचा गुन्हा मात्र आपसात मिटण्याच्या यादीत नाही. त्यामुळे ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून दिलं तरी दोषारोपपत्र जाऊ शकतं.

शेवटची सही सगळ्यांत महागडी. सहा-आठ महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, न्यायदंडाधिकाऱ्यांचं समन्स येईल. त्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी भला माणूस सांगेल, ‘कशाला तारखा घालवता, गुन्हा कबूल करा, हजार-दोन हजार दंड होईल, मोकळे व्हा.’ लोक करतात. २८१ ला दंडाची कमाल मर्यादा फक्त एक हजार आहे, त्यामुळे स्वस्त वाटतं. पण खरी कबुली ही असते: न्यायाधीशासमोर, शुद्धीत, आरोप वाचून दाखवल्यावर दिलेली. धक्का नाही, जमाव नाही, ‘मी घाबरलो होतो’ हे कारण नाही. तिच्यामागे दोषसिद्धीची नोंद येते. आणि शेजारच्याच इमारतीत नुकसानभरपाईचा दावा चालू असेल तर दावेदाराचे वकील त्या आदेशाची नक्कल दुसऱ्याच तारखेला दाखल करतात. भरपाईचा दावा ज्यापुढे चालतो त्या न्यायाधिकरणात फौजदारीसारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय इतकंच बघतात, त्यामुळे तिथे तो कागद फार जड पडतो. तेव्हाही तो अखेरचा शब्द नसतो, कबुलीमागचं कारण सांगता येतं. पण दंड भरून सुटलेल्या माणसाने ‘दोष माझा नव्हताच’ म्हणणं न्यायाधीशांना किती पटेल, तुम्हीच बघा.

तुमची खरंच चूक असेल तर कबुली देणं गैर नाही, कधी कधी मीही तोच सल्ला देते. पण मग त्या दिवशी दावा कुठवर आलाय, विमा कंपनीने लेखी म्हणणं दाखल केलंय का, हे पाहून ती द्यायची. समन्स हातात पडलं की तारखेच्या आधी वकिलांकडे जा, आणि जाताना फौजदारीच्या कागदांबरोबर दाव्याची नोटीस आली असेल तर तीही घेऊन जा. बरेच जण दोन प्रकरणं दोन वकिलांकडे देतात आणि एकाने काय कबूल केलं हे दुसऱ्याला उलटतपासणीतच कळतं.